दाखवण्याआधी अर्ज

यंत्र आमच्याच यंत्रासारखं होतं, रंग तेवढा वेगळा. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दुकानाच्या दारात ते उभं होतं, किंमत आमच्यापेक्षा कमी, आणि हँडलला बांधलेली माहितीपुस्तिका शब्दन् शब्द आमची. आमच्या पुस्तिकेत छपाईच्या वेळी ‘बियाणे’चं ‘बिणाये’ झालं होतं. ती चूकही तिथे तशीच उतरली होती.

माझा आणि दादाचा शेतीची छोटी अवजारं बनवण्याचा वर्कशॉप आहे. हे हाताने ढकलायचं टोकण यंत्र. चाकाच्या परिघावर चोची असतात. चोच मातीत शिरते, उघडते, दाणा सोडते. असं यंत्र बाजारात पूर्वीपासून आहे. पण पाऊस पडून गेल्यावर काळ्या चिकट रानात चोचीत माती भरते, दाणा अडकतो आणि ओळीत तुटाळ पडते. दादाने चाकाच्या वरच्या बाजूला स्प्रिंगवर एक पट्टी बसवली. चोच वर आली की ती पट्टी तिच्या आत शिरून माती खरवडते आणि पुढच्या फेरीला चोच मोकळी असते. आमचं म्हणावं असं नवीन या यंत्रात तेवढंच, आणि शेतकरी यंत्र घ्यायचे ते त्यासाठीच.

नक्कल पाहिल्यावर दादा म्हणाला, “आपल्याकडे ट्रेडमार्कचा अर्ज केलेला आहे ना, मग करू केस.” मलाही तसंच वाटत होतं. पेटंट एजंट मॅडमनी सगळे कागद मांडायला लावले तेव्हा कळलं, की एकाच यंत्रावर तीन वेगळे हक्क असतात, ते तीन वेगळ्या कायद्यांखाली येतात आणि एकाचं काम दुसरा करत नाही. यंत्र काम कसं करतं, त्यातली नवी युक्ती, ही पेटंटची बाजू. ते कोणत्या नावाने, कोणत्या चिन्हाने विकलं जातं, ही ट्रेडमार्कची. आणि पुस्तिकेतला मजकूर, रेखाचित्रं, व्हिडिओ ही कॉपीराइटची. नक्कल करणाऱ्याने या तिन्हींना हात घातला होता. आम्हाला त्यातल्या दोनच ठिकाणी काही करता आलं.

आधी पेटंटचं सांगते, कारण तिथली हानी भरून येत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे शोध नवा हवा, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल असा नको, आणि उद्योगात वापरता येण्यासारखा हवा. यातलं ‘नवा’ म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही जाहीर न झालेला. त्यात स्वतः शोध लावणाऱ्यानेही तो जाहीर केलेला चालत नाही. आमची खरवडपट्टी कृषी प्रदर्शनात उघड्यावर फिरत होती, तिचा व्हिडिओ मोबाइलवरून गावोगावी पोचला होता आणि दोन हंगाम विक्रीही झाली होती. मॅडमनी व्हिडिओची तारीख पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, पट्टी चांगली आहे, पण आता ती सगळ्यांची झाली.”

प्रदर्शनात दाखवूनही बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, असं पुष्कळ जण सांगतात. ती सवलत केंद्र सरकारने राजपत्रात त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. तालुक्याच्या किंवा बाजार समितीच्या मैदानावरचं प्रदर्शन आपोआप त्यात बसत नाही. त्या सवलतीवर विसंबू नका.

वेळेत अर्ज केला असता तर पेटंट नक्की मिळालं असतं, असंही मी म्हणणार नाही. ओळखीचे भाग नुसते शेजारी ठेवले आणि प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम करत राहिला, तर कायदा त्याला शोध मानत नाही. शेती करण्याची पद्धत आणि पारंपरिक ज्ञान यांनाही पेटंट नाही. त्यामुळे ‘पावसानंतर अमुक अंतरावर टोकण करा’ यावर हक्क मागता येत नाही. फिरणाऱ्या चोचीत ठरावीक क्षणी शिरणाऱ्या पट्टीवर मागून पाहता आला असता. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं, तेही तिसऱ्या वर्षापासूनची वार्षिक फी भरत राहिलात तर. मुदत संपली की ते यंत्र कुणीही बनवावं. शोध सविस्तर लिहून जगासमोर ठेवायचा, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं एकट्याने वापरायचा, असा तो व्यवहार आहे. शिवाय भारतातलं पेटंट भारतातच चालतं.

यंत्राच्या बाह्य रूपासाठी डिझाइनची वेगळी नोंदणी आहे, आधी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. पण तीही जाहीर होण्याआधीच करायची असते, म्हणून तेही दार बंद झालं होतं.

आता नाव. आम्ही सुरुवातीला यंत्राला ‘सुलभ टोकण’ म्हणायचं ठरवलं होतं. ते राहिलं असतं तर ट्रेडमार्क मिळणं अवघड होतं, कारण वस्तू काय आहे किंवा कशी आहे एवढंच सांगणारा शब्द १९९९ च्या कायद्याखाली एका विक्रेत्याच्या मालकीचा सहसा होत नाही. उद्या दुसऱ्यानेही आपलं टोकण यंत्र सुलभ आहे असं म्हणायला हवंच ना. दादाच्या मुलीने एका पक्ष्याचं नाव सुचवलं. पक्ष्याचा आणि पेरणीच्या यंत्राचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच ते नाव ट्रेडमार्क म्हणून भक्कम ठरलं.

ट्रेडमार्क वस्तूंच्या वर्गांत घ्यावा लागतो. एकूण ४५ वर्ग आहेत. हातअवजारांचा वर्ग ८, आणि हाताने न चालणाऱ्या शेती अवजारांचा व यंत्रांचा ७. पुढे इंजिनवरचं मॉडेल काढायचं मनात असेल तर दोन्ही वर्गांचा विचार आजच करावा. स्वतः मालक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे. परीक्षण पार पडलं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षांची, आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं तर तिला शेवट नाही. तिन्हींत हा एकच हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो. मात्र नाव वापरात हवं. नोंदणीनंतर सलग पाच वर्षांहून जास्त काळ वापरलं नाही, तर दुसरा कुणी ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो. आणि नावापुढे टीएम ही अक्षरं कुणीही लावावीत, पण वर्तुळातला आर नोंदणी हातात आल्यावरच. आधी लावणं बेकायदा आहे.

नक्कल करणाऱ्याने आमच्या पक्ष्याच्या नावातलं एक अक्षर बदलून तेच नाव लावलं होतं. आमची नोंदणी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती, अर्ज जर्नलपर्यंतही पोचला नव्हता. तरीही इथे पाय रोवता आले, कारण आपला माल दुसऱ्याच्या नावाच्या आडून विकण्याविरुद्ध नोंदणी नसतानाही दावा करता येतो. त्यासाठी पुरावा लागतो तो आपण आधीपासून त्या नावाने विकत होतो आणि गिऱ्हाईक त्या नावाने आपल्याला ओळखत होतं याचा. वहिनींनी पहिल्या दिवसापासूनची बिलं, प्रदर्शनाच्या गाळ्याची पावती, वर्तमानपत्रातली जाहिरात हे सगळं फाइलला लावून ठेवलं होतं. बिलावर नुसतं ‘टोकण यंत्र १ नग’ न लिहिता नावासकट लिहायची त्यांची पद्धत होती. वकिलांनी नोटिशीला जोडली ती हीच बिलं. तुमच्या बिलावर मालाचं नाव छापलेलं आहे का, ते आजच पाहून घ्या.

पुस्तिकेचं प्रकरण सर्वात सोपं असेल असं वाटलं होतं. १९५७ च्या कायद्याने कॉपीराइट लिहिताक्षणीच निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि ‘बिणाये’ हा शब्दच नक्कल झाल्याची साक्ष देत होता. पण मॅडमनी विचारलं, “मजकूर लिहिला कुणी?” तो लिहिला होता ओळखीतल्या एका निवृत्त कृषी शिक्षकांनी. आम्ही मानधन दिलं होतं, कागद काही केला नव्हता. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर हक्क मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुराचा हक्क, लेखी काही नसेल तर, त्याचाच राहतो. सर भले माणूस, त्यांनी लगेच सही दिली. त्या हस्तांतरपत्रात कोणतं लेखन, कोणते हक्क, किती काळ आणि कुठल्या प्रदेशासाठी हे स्पष्ट लिहिलं. काळ लिहिला नाही तर कायदा तो ५ वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०११ पासून कुणालाही छापता येतं. चित्रपटाची ६० वर्षं मात्र प्रदर्शनापासून मोजतात. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा, त्यामुळे चित्रपट म्हणून त्याची मुदत २०१३ अखेर संपली. पण अत्रे १९६९ साली गेले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. एकाच कलाकृतीत अशा दोन मुदती असू शकतात, म्हणून ‘जुनं आहे, घ्या’ असं कुणी म्हणालं की काय जुनं आहे ते विचारा.

कॉपीराइटची मर्यादाही आम्हाला तिथेच कळली. तो शब्दांचं आणि चित्रांचं रक्षण करतो, त्यातल्या कल्पनेचं नाही. पुस्तिकेत पट्टी कशी बसवायची हे लिहिलेलं होतं, पण ते वाचून पट्टी बनवणाऱ्याला कॉपीराइट अडवू शकत नाही.

नोटीस गेल्यावर समोरच्याने नाव बदललं आणि पुस्तिका मागे घेतली. यंत्र तो अजून बनवतो, खरवडपट्टीसकट, आणि कायद्याने ते त्याला मोकळं आहे.

दादाने आता खताची मात्रा मोजून सोडणारा नवा भाग केला आहे. या वेळी आम्ही आधी ipindia.gov.in वर जुनी पेटंटं शोधली. मग तात्पुरता अर्ज दाखल केला. एकट्या व्यक्तीसाठी त्याची ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, एजंटचा मोबदला वेगळा. या अर्जाने तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. ते चुकले तर तात्पुरता अर्ज बाद होतो. त्यात जे लिहिलं नसेल त्याला ती तारीखही मिळत नाही, म्हणून दादाने तीन पर्यायी रचना चित्रांसह लिहून दिल्या. अर्जाआधी ओतकामाचा साचा बाहेर करून घ्यावा लागला, तेव्हा त्या कारागिराकडून गुप्ततेच्या करारावर सही घेतली. चाचणी आमच्याच रानात, कुंपणाच्या आत झाली. व्हिडिओ मी अर्जाचा क्रमांक हातात आल्यावर काढला.