तीस खड्डे, एक टाकी

लासूर स्टेशनच्या परिसरात पावसाळ्यात झाडं लावायला लोकांना बोलवायचं, तर सूचनेत झाडांच्या आकड्याआधी पाण्याचा हिशोब लिहायला हवा. गंगापूर तालुक्याच्या या भागात रोप जुलैत सहसा मरत नाही, ते मरतं मार्च ते मे या महिन्यांत. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. मुरमाड जागी मुळं खाली शिरूच शकत नाहीत. म्हणून किती रोपं लावायची, हे नोव्हेंबरपासून पुढच्या पावसापर्यंत किती रोपांना पाणी देता येईल यावर ठरवावं. एका रोपाला दर दहा दिवसांनी पंधरा लिटर धरलं, तर तीस रोपांना साडेचारशे लिटर लागतं. पाचशे लिटरची एक टाकी छोट्या टेम्पोत ठेवून दोन-तीन माणसं सकाळी ते काम उरकतात. तीनशे रोपं लावली, तर दर खेपेला साडेचार हजार लिटर, म्हणजे जवळजवळ पूर्ण टँकर लागतो. सात महिन्यांत अशा वीसेक खेपा होतात. उन्हाळ्यात गावाला प्यायला पाणी पुरवणं अवघड असताना झाडांसाठी टँकर मागणं रास्त नाही.

यावर आक्षेप येतो, की शंभर माणसं उत्साहानं आली आणि झाडं तीसच असली तर बाकीच्यांनी करायचं काय? पण तीस खड्डे हे शंभर माणसांना पुरेल इतकं काम आहे. दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा मुरमात काढायला नवख्या माणसाचा सकाळचा बहुतेक वेळ जातो. शक्य असेल तर खड्डे मे महिन्यातच काढून उन्हात उघडे ठेवावेत. सूचनेत हा खोदाईचा रविवार वेगळा जाहीर करावा. जुलैत दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल ओली झाली, की लागवडीचा रविवार ठरवावा. पहिल्याच सरीवर घाई केली आणि मग पावसानं ओढ दिली, तर रोप सुकतं. उरलेल्या हातांनी शेणखत वाहावं, आळी करावीत आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालावं. कुंपण नसेल तर शेळ्या आठवडाभरात शेंडा खातात. रोप पिशवीत फार दिवस राहिलं असेल तर तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं दिसतं. पिशवी फाडून ते वेटोळं कापून काढावं, नाहीतर झाड काही वर्षं वाढतं आणि मग वाऱ्यात उलथतं.

दुसरा आक्षेप असा, की सुबाभूळ किंवा गुलमोहर लवकर वाढतात, मग तेच का नकोत? सुबाभळीचं बी पसरून ती आजूबाजूची जागा व्यापते आणि गुलमोहराच्या फांद्या वादळात सहज मोडतात. शिवना नदीच्या काठाला ओल मानवणारी करंज, जांभूळ, उंबर ही झाडं योग्य, तर वरच्या मुरमाड जागेला कडुनिंब आणि बोर. जागा मात्र ग्रामपंचायतीची किंवा शाळेची असावी आणि तिची परवानगी आधी हाती असावी. रेल्वेच्या हद्दीत, रस्त्याच्या कडेला किंवा विजेच्या तारांखाली लावलेलं झाड पुढे तोडलं जाण्याचीच शक्यता जास्त.

भेटण्याची जागा म्हणून रेल्वे स्थानकाचं मुख्य प्रवेशद्वार उत्तम. मनमाड किंवा संभाजीनगरकडून येणाऱ्यांना ते शोधावं लागत नाही. वेळ गाडीच्या वेळेनुसार, पण सकाळी शक्य तितकी लवकर ठेवावी. रूळ ओलांडून कुणीही जागेकडे जाऊ नये. पहारी, टिकाव, फावडी, घमेली थेट लागवडीच्या जागी पोचवावीत. गर्दीतून पहार वाहणं धोक्याचं आहे. येणाऱ्यानं पूर्ण पाऊल झाकणारे बूट, जाड हातमोजे, टोपी आणि दोन लिटर पाणी आणावं. टिकाव उचलण्याआधी दांडा हलवून पाहावा. पातं सैल असेल तर तो बाजूला ठेवावा. दोन खोदणाऱ्यांत किमान दहा फुटांचं अंतर हवं.

गवतात किंवा दगडाखाली हात घालण्याआधी काठीनं चाळवावं, कारण घोणस आणि विंचू तिथेच असतात. सर्पदंश झालाच, तर आवळून बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. अंगठी, कडं, पैंजण काढावं, चावलेला अवयव न हलवता माणसाला आडवं ठेवून १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावं. म्हणून असं रुग्णालय कोणतं, हे आयोजकांनी आदल्या दिवशीच विचारून सूचनेत लिहावं. मेघगर्जना ऐकू आली की पहारी तिथेच टाकाव्यात आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावं, झाडाखाली उभं राहू नये. शेवटचा कडकडाट होऊन अर्धा तास गेल्यावरच काम पुन्हा सुरू करावं. सूचनेच्या तळाशी नोव्हेंबर ते मेच्या पाणी-पाळीचा तक्ता असावा, प्रत्येक खेपेसमोर दोन नावांची रिकामी जागा असावी आणि लागवडीच्या दिवशी ती नावं भरून मगच लोकांनी परतावं.