सही कागदावरच हवी

नाताळच्या सुट्टीत जर्मनीहून नाशिकला आलो, त्याच आठवड्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि मास्टर्स सोडायचं घरात ठरलं. २ जानेवारीला इंदिरानगरच्या घरातूनच हॉस्टेलच्या ऑफिसला ईमेल टाकला, की खोली सोडतोय. विषय संपला असं वाटलं.

आठवड्याने उत्तर आलं: ईमेल मिळाला, पण ही नोटीस धरता येणार नाही. जर्मन कायद्यात घर सोडण्याची नोटीस 'लेखी' म्हणजे कागदावर, हाताने सही केलेली. स्कॅन चालत नाही. आपण सगळं व्हॉट्सॲपवर उरकणारी माणसं, मला हे खरंच वाटेना. करार काढून पाहिला, तर तिथेही तेच. शिवाय महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत नोटीस पोचली, तरच तो महिना धरून तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस खोली सुटते.

मग जीपीओत जाऊन स्पीड पोस्ट केलं. ते १९ जानेवारीला पोचलं. पोस्टाचा शिक्का कधीचा, याला किंमत नाही. त्यांच्या हातात कधी पडलं ते मोजतात. म्हणून ३१ मार्चऐवजी करार ३० एप्रिलला संपला. एका महिन्याचं भाडं, ३१० युरो, डिपॉझिटमधून गेलं. हे सगळं निघण्यापूर्वीच ठरलं असतं आणि सही केलेला कागद रूममेटकडे ठेवला असता, तर त्याने २ तारखेलाच तो ऑफिसात देऊन पोच घेतली असती. पुढे खोली रिकामी करून किल्ल्या त्यानेच दिल्या, पण त्यासाठीही माझ्या सहीचं अधिकारपत्र लागलंच.

व्हिसाच्या बाजूला मी शहाणा झालो होतो. आधी विद्यापीठाकडून नाव काढल्याचा दाखला मागवला, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, पत्र लिहिलं: पासपोर्ट आणि परमिटचे नंबर, नाव काढल्याची तारीख, देश सोडल्याची तारीख, आणि परतण्याचा विचार नाही हे एका वाक्यात. सोबत दाखला आणि मुंबईच्या विमानतळावरच्या शिक्क्याचा फोटो. त्याच पत्रात ब्लॉक्ड अकाउंट मोकळं करण्याची लेखी संमतीही मागितली. ती नसेल तर उरलेले पैसे मुदतीआधी एकदम हातात येत नाहीत.

तिथेच राहून दुसरा कोर्स घ्यायचा असेल, तर मात्र क्रम उलटा. परमिट शिक्षणावर टांगलेलं असतं, म्हणून आधी या कार्यालयाशी बोलावं आणि मगच नाव काढण्याच्या अर्जावर सही करावी. आमच्या बॅचमधल्या एकाने आधी सही केली आणि पुढचे दोन महिने त्या कार्यालयाच्या अपॉइंटमेंटची वाट बघत काढले.

पालिकेत पत्त्याची नोंद रद्द करायचं माझ्याकडून राहिलंच. ते मार्चमध्ये आठवलं, त्या पत्त्यावर माझ्या नावाने आलेलं रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र रूममेटने फोटो काढून पाठवलं तेव्हा.