चिठ्ठ्या, पट्टी आणि बाण : एका धड्याची कालरेषा

‘खालील घटना कालक्रमानुसार लावा’ हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत सारखा भेटतो. चार घटना, चार पर्याय. दादरच्या अभ्यासिकेत माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा धडा वाचलेला असतो, सनावळीही पाठ असते, तरी हा प्रश्न चुकतो. मी त्यांना एकच धडा पूर्ण उलगडून करायला देते : आठवीच्या पुस्तकातला ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’. यातल्या बऱ्याच घटना आपल्याच परळ-गिरगावात घडल्या आहेत, म्हणून सुरुवात इथून.

आधी धडा उघडू नका, जुने पेपर उघडा. या विषयावरचे क्रमाचे सगळे प्रश्न एका कागदावर उतरवा आणि त्यांतल्या घटना किती जवळजवळच्या आहेत ते पाहा. 1946 आणि 1960 मधला क्रम कुणीही सांगेल. अडवणारा प्रश्न एकाच वर्षातल्या, कधी एकाच आठवड्यातल्या दोन घटना समोर ठेवतो. कोणत्या काळाची तारखेपर्यंत तयारी हवी आणि कुठे नुसतं साल पुरेल, हे या कागदावरून ठरतं.

आता पेन्सिल घेऊन धडा वाचा. तारीख असलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा, आणि ‘त्यामुळे’, ‘याच्या निषेधार्थ’, ‘परिणामी’ अशा शब्दांना गोल करा. मग घटनेगणिक एक चिठ्ठी करा. जुन्या वहीचं पान आठ भागांत फाडलं की पुरतं. पुढच्या बाजूला घटना, ठिकाण आणि मुख्य माणूस, मागे तारीख. एका चिठ्ठीवर दोन घटना लिहायच्या नाहीत. आयोग नेमला ती एक चिठ्ठी, त्याचा अहवाल आला ती दुसरी. परीक्षेत या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतात, आणि मुलं ‘फाझल अली आयोग’ असं एकच लिहून मोकळी होतात.

चिठ्ठ्या लावतानाच सापळे दिसायला लागतात. दार आयोग 17 जून 1948 चा, जेव्हीपी समिती 29 डिसेंबर 1948 ची. नागपूर करार 28 सप्टेंबर 1953 चा, आणि राज्य पुनर्रचना आयोगाची नेमणूक 29 डिसेंबर 1953 ची. ‘29 डिसेंबर’ दोनदा आला, पाच वर्षांच्या अंतराने. दोन्ही चिठ्ठ्यांवर लाल खूण करून त्या शेजारी ठेवा.

मग कालरेषा. इथे बहुतेकांचं एक चुकतं : उभी रेघ ओढून तिच्यावर सारख्या अंतरावर घटना लिहितात. ती झाली यादी, कालरेषा नव्हे. अंतर मोजून घ्या. 1946 ते 1960 साठी एका वर्षाला एक सेंटिमीटर, म्हणजे 14 सेंटिमीटरची रेघ. बेळगावच्या साहित्य संमेलनातला ठराव (मे 1946) सुरुवातीला, 1 मे 1960 शेवटी. ती आखली की दिसतं, 1955 च्या शेवटी चिठ्ठ्या एकमेकींवर चढतात. तेवढा तुकडा उचलून शेजारी दुसऱ्या रेघेवर मोठा करायचा.

या दुसऱ्या रेघेवर एका आठवड्याला एक सेंटिमीटर. 10 ऑक्टोबर 1955 ला आयोगाचा अहवाल जाहीर झाला, तो शून्यावर. (तो सरकारला सादर झाला 30 सप्टेंबरला. पुस्तकांत दोन्ही तारखा भेटतील, क्रम बदलत नाही.) 7 नोव्हेंबरची परळच्या कामगार मैदानावरची सभा बरोबर 4 वर. 20 नोव्हेंबरची गिरगाव चौपाटीवरची मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा, जी लोकांनी उधळली, ती 6 च्या केसभर अलीकडे. 21 नोव्हेंबरचा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार 6 वर. मुंबई केंद्रशासित करण्याची नेहरूंची घोषणा, 16 जानेवारी 1956, 14 वर. संयुक्त महाराष्ट्र समितीची पुण्यातली स्थापना, 6 फेब्रुवारी, 17 वर. चौपाटीची सभा रविवारची होती. बाकीच्या या सगळ्या तारखा सोमवारच्या, म्हणून आकडे असे नेमके पडतात. 6 पासून 14 पर्यंतची आठ आठवड्यांची रिकामी जागाही लक्षात राहते. गोळीबार आणि घोषणा यांत जवळपास दोन महिने गेले, हे पाठ करावं लागत नाही, दिसतं.

इथल्या मुलांसाठी आणखी एक सोय आहे. परळ, चौपाटी, फाउंटन : नोव्हेंबरच्या या तीन घटना उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतात. परळहून फोर्टाकडे निघालात तर त्याच क्रमाने ही ठिकाणं लागतील. पण ही युक्ती या तिघींपुरतीच. मधल्या एखाद्या मोर्च्याची चिठ्ठी आली की ती मोडते, तेव्हा तारखेकडे वळायचं.

आता कार्यकारणाचा तक्ता. तो वेगळ्या कागदावर करा आणि कालरेषेवरून उतरवू नका. धड्यात गोल केलेल्या शब्दांवरून बाण काढा. मला सगळ्यांत जास्त थांबावंसं वाटतं ते इथे. चौपाटीची सभा 20 ला, गोळीबार 21 ला; म्हणून मुलं पहिलीपासून दुसरीकडे बाण ओढतात. पण 21 चा संप आणि मोर्चा होता तो विधिमंडळापुढे आलेल्या त्रिराज्य योजनेच्या विरोधात, मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या विरोधात. चौपाटीच्या भाषणांनी लोक चिडले हे खरं, तरी मुख्य बाण योजनेपासूनच निघतो. म्हणून बाण दोन प्रकारचे ठेवा : धडा स्पष्ट कारण सांगतो तिथे अखंड, नुसतं वातावरण तापलं तिथे तुटक. नुसती एकामागून एक घटना घडली असेल तर बाणच नको.

हा तक्ता क्रमाच्या प्रश्नाला कसा उपयोगी पडतो ते पाहा. जुन्या पेपरांच्या धर्तीवर मी असा प्रश्न घालते : (अ) संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना, (ब) नागपूर करार, (क) फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, (ड) राज्य पुनर्रचना आयोगाची नेमणूक. दर वेळी काहीजण ‘अ’ हा ‘क’ च्या आधी लावतात. चळवळ म्हणजे समिती, मग समितीशिवाय मोर्चा कसा निघेल, असा त्यांचा हिशेब. ‘संयुक्त महाराष्ट्र परिषद’ आधीपासून होती आणि ‘समिती’ नंतर आली, हेही नावातल्या सारखेपणामुळे निसटतं. तक्त्यात मात्र जानेवारीच्या घोषणेपासून निघालेला बाण समितीकडे जातो. समिती त्या घोषणेवरच्या संतापाचा परिणाम आहे, आणि घोषणा गोळीबारानंतरची, म्हणून समितीही गोळीबाराच्या नंतरच येणार. राहिले ‘ब’ आणि ‘ड’ : दोन्ही 1953 चे, करार सप्टेंबरचा, आयोग डिसेंबरचा. उत्तर ब, ड, क, अ. तारीख विसरली तरी निदान दोन पर्याय बाणांच्या बळावर कटतात.

मात्र करार आणि आयोग यांच्यात तक्ता कामाचा नाही. त्यांच्यात कारण-परिणामाचा सरळ बाण नाही, तिथे महिना पाठच हवा. अशा जोड्यांची एक छोटी यादी कालरेषेच्या कडेला लिहून ठेवा. या धड्यात ती चार-पाच जोड्यांच्या पुढे जात नाही.

शेवटी, चिठ्ठ्या पिसून तारखेची बाजू खाली ठेवून जमिनीवर लावा, मग उलटून तपासा. जी चुकली तिच्या कोपऱ्यात एक ठिपका. तीन ठिपके पडलेल्या चिठ्ठीची तारीख पुन्हा घोकायची गरज नसते; तक्ता काढा आणि बघा, बहुधा तिला जोडणारा एकही बाण तुम्ही काढलेला नसतो.