कागजनगरच्या नावावर अहेरीचं सिमेंट

प्रश्न : माझं अहेरीत हार्डवेअरचं दुकान आहे. राजुऱ्याच्या एका वितरकाकडून सिमेंट मागवलं. बिलावर दुकानाचं नाव बरोबर, पण जीएसटी क्रमांक ३६ ने सुरू होणारा. चौकशी केली तर तो कागजनगरच्या आमच्याच नावाच्या दुसऱ्या दुकानाचा निघाला. शिवाय पोती २०० आली, बिल २२० चं. मुनीम म्हणतो, पेनाने दुरुस्त करून शिक्का मारून आणू. चालेल का? आणि एक कुतूहल : एक आकडा चुकला तरी संगणक क्रमांक घेत नाही म्हणतात, मग हा अख्खा चुकीचा क्रमांक गेला कसा?

— एक दुकानदार, अहेरी

उत्तर : तुमच्या कुतूहलापासून सुरुवात करतो, कारण चूक कशी झाली हे कळलं की ती कुठवर पसरली आहे तेही कळतं.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा २७, तेलंगणाचा ३६. पुढची दहा अक्षरं पॅनची. शेवटचं अक्षर मात्र कोणी ठरवून देत नाही, ते आधीच्या चौदा अक्षरांवरून गणित करून निघतं. त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर हिशेब जुळत नाही आणि संगणक तिथेच अडतो. म्हणजे शेवटपर्यंत टिकलेला चुकीचा क्रमांक बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी खराखुरा क्रमांक असतो. राजुऱ्याचा वितरक इकडे अहेरी-आलापल्लीलाही माल देतो आणि तिकडे सीमेपलीकडे कागजनगरलाही. त्याच्या यादीत एकाच नावाची दोन खाती एकाखाली एक आली, बिल करणाऱ्याने खालचं निवडलं. चूक एका क्लिकची.

पण त्या एका क्लिकने आणखी दोन गोष्टी बिघडवल्या. खातं तेलंगणाचं म्हटल्यावर प्रणालीने पुरवठ्याचं ठिकाण तेलंगणा धरलं आणि आंतरराज्य व्यवहार समजून आयजीएसटी लावला. माल राजुऱ्याहून अहेरीला आला, म्हणजे राज्याच्या आतच राहिला. इथे सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मानिम्मा हवा. बिल पुन्हा काढून बघा, आयजीएसटीचाच रकाना भरलेला दिसेल. तुम्ही दोन चुका मोजल्या, आहेत चार.

आता पेनाचं. नाही चालणार. कायद्यातली अट अशी की पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ विवरणात दाखवलेलं असावं आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटलेलं असावं. तरच तुम्हाला कराची वजावट मिळते. कागदावर कितीही शिक्के मारा, पोर्टलवर ती रक्कम कागजनगरच्याच खात्यात दिसणार. म्हणून तक्रार करण्याआधी २बी उघडा. ते दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. क्वचित असंही होतं की विवरणात क्रमांक बरोबर गेलेला असतो आणि चूक फक्त छापील प्रतीत असते. तसं असेल तर सुधारित प्रत मागितली की काम संपलं.

तुमचं बिल २बी मध्ये नाही असं धरून पुढे जातो. वितरकाकडे मार्ग किती, हे वेळेवर अवलंबून आहे. ई-बिल निघालं असेल तर ते २४ तासांत रद्द करता येतं. तो वेळ गेला. जीएसटीआर-१ भरल्यानंतर त्याच महिन्यात दुरुस्तीसाठी जीएसटीआर-१ए नावाची सोय २०२४ पासून आहे, पण ग्राहकाचा जीएसटी क्रमांक तिथे बदलता येत नाही. उरतो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मधला ९ए तक्ता. आणि इथेच खरी गोम आहे : एका बिलात अशी दुरुस्ती एकदाच करता येते. तुम्ही आज फक्त क्रमांकाबद्दल फोन केला, त्याने तेवढाच बदलला, आणि पोत्यांची नि कराच्या प्रकाराची आठवण नंतर झाली, तर तो दरवाजा बंद झालेला असेल. मग क्रेडिट नोट, नवं बिल, अशी दुहेरी कसरत. फोनवर तोंडी सांगण्यापेक्षा एकाच पत्रात सगळ्या चुका लिहून देण्याचं कारण हेच.

पत्र साधं ठेवा. प्रत्येक चुकीला तीनच गोष्टी लागतात : बिलात काय आहे, काय हवं, पुरावा कोणता. सिमेंटचा दर कर सोडून पोत्याला ३०० रुपये धरून नमुना देतो.

«महोदय, आपले बिल क्र. … दि. … यात पुढील चुका आहेत.

१. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक : बिलात ३६ ने सुरू होणारा … आहे, आमचा २७ ने सुरू होणारा … हवा. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत.

२. पुरवठ्याचे ठिकाण : बिलात तेलंगणा, महाराष्ट्र हवे. माल अहेरीत उतरला, पोचपावती सोबत.

३. परिमाण : बिलात २२० पोती, किंमत ६६,००० रुपये, मिळाली २००, किंमत ६०,००० रुपये. वजनकाट्याची पावती सोबत, निव्वळ वजन १० टन.

४. कर : बिलात आयजीएसटी ११,८८० रुपये, हवा सीजीएसटी ५,४०० आणि एसजीएसटी ५,४०० रुपये.

बिलाची एकूण रक्कम ७७,८८० ऐवजी ७०,८०० रुपये होते. फरक ७,०८० रुपये. चारही दुरुस्त्या पुढील महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये एकाच वेळी कराव्यात व सुधारित प्रत पाठवावी.»

काट्याच्या पावतीला मी फार मान देतो. ५० किलोची २०० पोती म्हणजे बरोबर १० टन. २२० असती तर ११ भरली असती. हमालाने मोजलेल्या पोत्यांवर वाद होतो, काट्यावर सहसा होत नाही. कराच्या दरात चूक नाही, हेही पाहून ठेवा : २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

वितरक चौथ्या मुद्द्यावर कुरकुर करेल. त्याने आयजीएसटी भरून टाकला, आता सीजीएसटी-एसजीएसटी वेगळा भरायचा आणि आधीचा परत मागायचा. त्याला सांगा की अशा चुकीसाठी सीजीएसटी कायद्याचं कलम ७७ आहे आणि नव्याने भरलेल्या करावर व्याज लागत नाही. कागजनगरवाल्यालाही एक फोन करा. त्याच्या पोर्टलवर हे बिल आलं असेल तर ते नाकारायला सांगा. त्याने चुकून वजावट घेतली तर नंतर नोटीस त्याला येईल.

पैसे पूर्ण अडवू नका. मालाचे ६०,००० देऊन टाका, कराचे १०,८०० बिल २बी मध्ये दिसल्यावर देईन असं कळवा. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते, म्हणून ताणायलाही मर्यादा आहे.

शेवटची तारीख आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर. २०२५-२६ च्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६. वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. ती उलटली तर सगळं गेलंच असं नाही. बजाज ऑटोला माल पुरवणाऱ्या स्टार इंजिनिअर्सने माल ज्यांच्याकडे उतरवला त्यांचेच क्रमांक विवरणात टाकले होते. मुदत गेली म्हणून खात्याने दुरुस्ती नाकारली. सरकारचा महसूल बुडत नाही हे पाहून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती करू दिली. पण १०,८०० रुपयांसाठी कोणी उच्च न्यायालयात जात नाही. पत्र याच आठवड्यात, पोचपावतीसह पाठवा.