तुळशीचं लग्न : गटाने मिळून कसं लावायचं?

ताईंनो, आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात, असं आपण मानतो. या चार महिन्यांचा चातुर्मास संपला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, कोणत्याही संध्याकाळी तुळशीचं लग्न लावता येतं. त्यानंतरच माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात. यंदा गटाने मिळून लग्न लावायचं असेल, तर हा पाठ आधीच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा.

आधीच्या बैठकीत ठरवायचं

कामं वाटून घ्या. एकीकडे वृंदावन सारवणं किंवा गेरू-चुना लावणं, एकीकडे रांगोळी, एकीकडे मांडवाचे चार ऊस. हिरव्या बांगड्या, फणी, मणी-मंगळसूत्र, खण-नारळ, हार, आवळा, चिंच, बोरं, अक्षता आणि चुरमुरे यांची यादी करून कोण काय आणणार ते लिहून ठेवा. नवरदेव म्हणून कोणाच्या तरी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घ्या. शाळिग्रामही चालतो.

कथा (एकीने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी)

"जालंधर नावाचा बलाढ्य असुर होता. त्याची बायको वृंदा. तिच्या पातिव्रत्याच्या बळामुळे त्याला कोणी हरवू शकत नव्हतं. देव हैराण झाले. तेव्हा विष्णूने जालंधराचं रूप घेतलं आणि वृंदेकडे गेला. आपला नवराच आला असं समजून तिने त्याला जवळ केलं. तिचं व्रत मोडलं आणि तिकडे युद्धात जालंधर मारला गेला. खरं कळल्यावर वृंदेने विष्णूला शाप दिला, 'तू दगड होशील.' मग तिने अग्नीत देह टाकला. तिच्या राखेतून तुळस उगवली. देवाने शाप मान्य केला, तो शाळिग्राम झाला आणि दरवर्षी तुळशीशी लग्न लावायचं कबूल केलं."

कथा वाचून झाली की थोडं थांबा आणि एकच प्रश्न विचारा : वृंदा कोण होती? तिची फसवणूक झाली, तिचा नवरा गेला. म्हणजे आपण जिला नवरी म्हणून सजवतो, ती कथेत विधवा झालेली बाई आहे. मग तिच्याच लग्नात विधवा बाईने लांब का उभं राहायचं?

आमच्या गटात काय झालं

आमच्या गटातल्या एका ताईने चार महिने रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं. लग्नाच्या दिवशी मात्र ती दाराशीच उभी राहिली. कोणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं, "ये गं, तूच मंगळसूत्र बांध." ती रडत घरी गेली. आमचा हेतू चांगला होता, पण रीत चुकली. ऐनवेळी, चारचौघींत विचारलं की बाईला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी दोघी जणी चार दिवस आधी तिच्या घरी गेल्या. "मंगळसूत्र, ओटी की आरती, तुला काय करावंसं वाटतं?" असं विचारलं. ती म्हणाली, "ओटी भरेन." तेवढंच ठरलं. सासूबाईंशीही तेव्हाच बोलणं झालं, त्यामुळे त्या दिवशी कुजबुज झाली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. कोणी हरकत घेतली तर हे शांतपणे सांगता येतं.

लग्न लावताना

1. दिवेलागणीला सगळ्या जमा. कुंडीभोवती चार ऊस उभे करून वर शेंडे एकत्र बांधा. मुळाशी आवळा, चिंच, बोरं ठेवा.
2. बाळकृष्णाला स्नान घालून पुसा. दोघांना हळद-कुंकू लावा. तुळशीला ते पानांवर न टाकता कुंडीला किंवा खोडाजवळ लावा.
3. बाळकृष्ण ताम्हनात घेऊन एकीने तुळशीसमोर उभं राहा. दोघींनी मध्ये अंतरपाट धरा.
4. मंगलाष्टकं म्हणा. प्रत्येक "सावधान"ला अक्षता टाका. मोठ्या मुठी नकोत, चार-चार दाणे पुरतात.
5. शेवटचं मंगलाष्टक झालं की अंतरपाट काढा. दोघांना हार घाला, मग मंगळसूत्र आणि बांगड्या. ज्यांचं जे ठरलंय त्यांनीच ते करा.
6. खण-नारळाने ओटी भरा, आरती करा, चुरमुरे-बोरं वाटा.

एक सावधगिरी : तुळशीला साडी किंवा ओढणी नेसवली असेल, तर पणत्या कुंडीच्या कडेवर ठेवू नका. जमिनीवर, हातभर लांब ठेवा. आरतीचं तबकही लांबूनच ओवाळा.

पुढच्या बैठकीत बोलायचं

ज्या ताई आल्या नाहीत, त्या का आल्या नाहीत? त्यांच्याकडे कोणी गेलं होतं का? उत्तर वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या कार्तिकात कोणाच्या घरी आधी जायचं ते कळेल.