ऊसतोडीला निघण्याआधी : गोळीऐवजी महिन्याचं इंजेक्शन

कळंब, भूम, वाशी, परंडा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात. त्याच सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरची माणसं एक मागणी घेऊन येतात. "साहेब, फडावर गेला की हा गोळ्या सोडतो, आणि संक्रांतीपर्यंत परत एकटाच बोलायला लागतो. त्याला ते महिन्याचं इंजेक्शन देऊन टाका." मागणी रास्त आहे, पण ती यायला हवी आषाढात. निघायच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या एका इंजेक्शनावर हंगाम निघत नाही. तसं का, आणि कोणतं इंजेक्शन कुणासाठी, हे आज सविस्तर सांगतो.

आधी गोळ्या का सुटतात ते विचारा. बरं वाटतं म्हणून सुटतात, फडावर पहाटे उठून रात्री उशिरा कोपीवर परतताना विसरतात, संपल्यावर जवळ मिळत नाहीत म्हणून थांबतात. या तिन्ही कारणांवर इंजेक्शन उत्तम उतारा ठरतं. पण गोळीने अंग आखडतं, झोप आवरत नाही म्हणून तो सोडत असेल, तर तेच औषध इंजेक्शनातून दिल्यावर तोच त्रास महिनाभर मुक्काम करील. आणि कुणी समोर बसून गोळ्या नियमित दिल्या तरी आवाज ऐकू येणं थांबत नसेल, तर दोष नियमितपणाचा नाही. तिथे औषधच बदलायला हवं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण नसेल, तर क्लोझापिनचा विचार करावा लागतो आणि त्याच्या गोळ्याच घ्याव्या लागतात.

आता निवड. आपल्याकडे प्रामुख्याने दोन जातींची इंजेक्शनं वापरली जातात. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट आणि फ्लुफेनाझिन डेकॅनोएट ही जुनी, तिळाच्या तेलातली, स्वस्त. दुसरं पॅलिपेरिडोन पामिटेट, नवं आणि महाग. रिस्पेरिडोनची गोळी ज्याला मानवली आहे त्याच्यासाठी पॅलिपेरिडोन सर्वांत सरळ, कारण रिस्पेरिडोनचंच शरीरात पॅलिपेरिडोन होतं. पहिल्या दिवशी दंडात १५० मिलिग्रॅम, आठव्या दिवशी दंडातच १०० मिलिग्रॅम, मग महिन्याला एक. रिस्पेरिडोनच्या रोजच्या ४ मिलिग्रॅमला महिन्याचे साधारण १०० मिलिग्रॅम पुरतात. सोबत गोळी चालू ठेवावी लागत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र मात्रा कमी करावी लागते किंवा हे औषध टाळावं लागतं, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. वजन, साखर आणि स्त्रियांची पाळी यांकडेही लक्ष ठेवावं लागतं.

घरच्यांना मी एकच प्रश्न विचारतो : वर्षभर हा खर्च झेपेल का? मुकादमाची उचल हातात असताना पहिली दोन इंजेक्शनं विकत घेतली जातात आणि तिसऱ्याला पैसे नसतात. माझ्या मते अशा घरात महागडं इंजेक्शन सुरू न करणंच बरं. सरकारी दवाखान्यात सातत्याने मिळेल ते जुनं औषध त्यांच्यासाठी अधिक चांगलं.

एक उदाहरण घेऊ. तिशीतला ऊसतोड कामगार, रोज रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅमवर ठीक, पण दर हंगामात गोळ्या बंद. पॅलिपेरिडोन परवडत नाही. त्याला थेट हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन देता येत नाही, कारण ते औषध त्याला सोसतं का हेच माहीत नाही, आणि एकदा टोचलेलं तेल परत काढता येत नाही. म्हणून जुलैत दोन आठवड्यांत रिस्पेरिडोन उतरवत हॅलोपेरिडॉलची गोळी रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत आणायची. पुढचे दोन आठवडे मान वाकडी होते का, हात थरथरतात का, चाल आखडते का हे पाहायचं. ईसीजी काढायचा. तिळाची ॲलर्जी आहे का हे विचारायचं. सगळं ठीक असेल तर ऑगस्टमध्ये पहिलं इंजेक्शन : रोजच्या गोळीच्या दहापट, म्हणजे ५० मिलिग्रॅम, कुल्ल्याच्या स्नायूत खोल. पुढचं चार आठवड्यांनी.

इथे घाई नडते. तेलातलं औषध हळूहळू रक्तात उतरतं आणि त्याची पातळी स्थिर व्हायला दोन ते चार महिने लागतात. म्हणून गोळी लगेच बंद करायची नाही. पहिला महिना पूर्ण गोळी, दुसऱ्या इंजेक्शननंतर निम्मी, आणि तिसऱ्यानंतर तब्येत पाहून बंद. मधे थोडे आवाज परत आले तर गोळी तात्पुरती वाढवावी. इंजेक्शनची मात्रा दर महिन्याला चढवत गेलं तर दिवाळीत सगळं एकदम साचून माणूस लाकडासारखा ताठ होतो. या हिशोबाने टोळी निघेपर्यंत तीन-चार इंजेक्शनं झालेली असतात आणि गोळी सुटलेली असते.

सुरुवातीच्या आठवड्यांत एक लक्षण फार फसवतं. रुग्ण एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालतो, पाय हलवत राहतो, झोपत नाही. घरचे म्हणतात, आजार उलटला. त्याला विचारा, "आत कसं वाटतं?" "डोक्यात काही नाही, पायच बसू देत नाहीत," असं तो म्हणाला तर हा औषधाचा परिणाम असतो. मात्रा वाढवली तर तो दुणावतो. मात्रा कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन तो आवरतो.

ताप, अंग कडक, घामाघूम आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसले तर मात्र तासाचाही उशीर न करता रुग्णालय गाठा. हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलच्या उन्हात आणखी एक धोका असतो. हातापायाच्या थरथरीसाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी घाम कमी करते आणि उष्माघात लवकर होतो. ती गोळी गरजेपुरतीच असावी, आणि दुपारी पाणी व सावली मिळेल हे पाहायला टोळीतल्या माणसांना सांगून ठेवावं.

इंजेक्शन चुकलं तर लगेच काही बिघडत नाही, आणि तेच घातक ठरतं. हॅलोपेरिडॉलचं तेल तीन आठवड्यांत जेमतेम निम्मं सरतं. महिना-दीड महिना माणूस ठणठणीत दिसतो, घरच्यांना वाटतं आता गरज नाही, आणि आजार परततो तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. आठ-दहा दिवसांचा उशीर झाला तर मिळेल तिथे लगेच घ्या. त्याहून जास्त झाला तर गोळी पुन्हा सुरू करायची का, हे डॉक्टरांना फोनवर विचारा.

भाजीत किंवा चहात गोळी कालवून देणारी घरं मला माहीत आहेत. त्यांची हतबलता कळते, पण इंजेक्शन तसं देता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या रुग्णाची संमती लागते. बरा असतानाच त्याच्याशी बोला. "रोज गोळी गिळायची की महिन्यातून एकदा टोचून घ्यायचं?" असं विचारलं तर पुष्कळ जण स्वतःहून दुसरं निवडतात.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या : औषधाचं नाव, मात्रा, शेवटचं इंजेक्शन कधी झालं, पुढचं कधी. कारखान्याजवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि तिथे हे औषध असतं का, याची फोनवर चौकशी करा. नसेल तर पुढच्या दोन-तीन इंजेक्शनांच्या कुप्या इथूनच चिठ्ठीसह सोबत न्या. हॅलोपेरिडॉलच्या कुपीला फ्रिज लागत नाही, फक्त ऊन लागू देऊ नका. अडचण आली तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. या वर्षीची टोळी निघायला वेळ असेल, तर याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात या.