साक्याच्या संशोधनाला निधी मागताना: दहा मिनिटांचा आणि सव्वा लाखाचा हिशोब

हापूस बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत साका निघतो, हे रत्नागिरीच्या बागायतदाराला सांगायला नको. समजा, या विषयावरचा प्रस्ताव तुम्हाला निधी समितीपुढे दहा मिनिटांत मांडायचा आहे. खर्चाचा प्रत्येक आकडा कशासाठी लागतो, हे त्या मांडणीतूनच कळलं पाहिजे.

उणीव : २ मिनिटं
‘साक्यावर संशोधन झालेलं नाही’ असं म्हणू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साका न होणारी ‘रत्ना’ ही जात कधीच दिली आहे. जमिनीची उष्णता हे एक कारण आणि झाडाखाली गवताचं आच्छादन हा उपाय, हेही आधी मांडलं गेलं आहे. म्हणून प्रश्न नेमका ठेवा : कातळावरच्या बागेत आच्छादनाचा खर्च वाचलेल्या फळांतून भरून निघतो का?

पद्धत : ४ मिनिटं
दहा बागा घ्या. प्रत्येक बागेत दहा कलमांना आच्छादन, दहा तशीच. प्रत्येक कलमाची पाच फळं, म्हणजे एकूण १,००० फळं. एकाच कलमाची पन्नास फळं कापली तर ते पन्नास वेगळे पुरावे होत नाहीत, म्हणून कलमं जास्त आणि फळं कमी. सारख्या पक्वतेची फळं एकाच दिवशी काढून एकाच आढीत पिकवा. कापणाऱ्याला फळ कुठल्या गटातलं हे कळू नये, म्हणून फळांवर फक्त क्रमांक घाला.

कापलेलं फळ विकता येत नाही. डझन ५०० रुपये धरला तर ८४ डझनांचे ४२,००० रुपये. कलमामागे आच्छादनाला २०० धरले तर १०० कलमांचे २०,०००. दोन हंगामांचे १,२४,०००. प्रवास आणि मदतनिसाचं मानधन वेगळं दाखवा.

वेळापत्रक : २ मिनिटं
प्रस्ताव इथे सहज फसू शकतो. काढणी मार्च ते मे. चोवीस महिन्यांचा प्रकल्प ऑगस्टमध्ये सुरू झाला तर दोन पूर्ण हंगाम मिळतात. एप्रिलमध्ये सुरू झाला तर पूर्ण हंगाम एकच. त्यामुळे ‘महिना १, महिना २’ असं न लिहिता महिन्यांची नावं लिहा, आणि मंजुरी लांबली तर काय कराल तेही सांगा.

अपेक्षित निष्पत्ती : २ मिनिटं
‘बागायतदारांना फायदा होईल’ हे उत्तर पुरत नाही. वरच्याच भावाने एक फळ सुमारे ४२ रुपयांचं. म्हणजे कलमामागे किमान पाच फळं वाचली तरच आच्छादन परवडतं. ही रेषा आधीच जाहीर करा. निकाल तिच्या खाली आला, तरी ‘हा खर्च करू नका’ हा सल्ला बागायतदाराच्या कामाचाच आहे.

भाव आणि मजुरी मात्र अर्ज भरण्याच्या आठवड्यात स्वतः विचारून घ्या.